जाहिरात खर्च आणि विक्री: रिग्रेशनचा R² ०.९७ आला, मग संबंध पक्का का?

प्रश्न: पाच महिन्यांचा जाहिरात खर्च २, ३, ४, ५, ६ आणि विक्री २५, २७, ३२, ३३, ३८ (दोन्ही लाखांत). R² ०.९७ आला. जाहिरातीमुळेच विक्री वाढली असं लिहू का?

उत्तर: नाही, एवढ्यावरून तसं लिहू नका. तुमच्या आकड्यांवरून रेषा अशी येते:

`विक्री = 18.2 + 3.2 × खर्च`

म्हणजे खर्च एक लाखाने जास्त असलेल्या महिन्यात विक्री सरासरी ३.२ लाखांनी जास्त दिसते. विक्रीतल्या चढउताराचा किती भाग या रेषेने समजतो, ते R² सांगतो. पण त्यापेक्षा मी आधी हा ३.२ चा उतार बघतो, आणि तो किती डळमळीत आहे तेही. पाचच महिने असल्यामुळे त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा, म्हणजे खरा उतार ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा, साधारण २.१ ते ४.३ निघते. शून्य त्यात नाही, म्हणून संबंध आहे असं म्हणता येतं. पण आकडा ३.२ च आहे असं नाही.

कारणाचा प्रश्न वेगळा. बऱ्याच कंपन्या ज्या महिन्यात विक्री वाढणार असते, त्याच महिन्यासाठी जाहिरातीचं बजेट वाढवतात. तेव्हा सीझन दोन्ही आकडे एकदम वर नेतो आणि श्रेय जाहिरातीला मिळतं. त्यामुळे बजेट कसं ठरलं हे आधी विचारा. मग निदान दोन-तीन वर्षांचे मासिक आकडे घ्या, आणि दर महिन्याची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. खर्चातला फरक आणि विक्रीतला फरक घेऊन पुन्हा अशीच रेषा काढल्यावर उतार बराच खाली आला, तर आधीचा बराचसा भाग सीझनचा होता.