रिलीव्हिंग लेटर अडकलंय, नवीन कंपनीकडे जॉइनिंग डेट पुढे कशी मागू?

प्रश्न: माझा लास्ट वर्किंग डे होऊन गेला, पण जुनी कंपनी रिलीव्हिंग लेटर देत नाहीये, नुसतं 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणतात. नवीन ठिकाणी आठ दिवसांनी जॉइनिंग आहे आणि ऑफर लेटरमध्ये पहिल्या दिवशी रिलीव्हिंग लेटर लागेल असं लिहिलंय. डेट पुढे मागितली तर ऑफर जाईल का? मेलमध्ये काय लिहू?

उत्तर:

मी अगदी ह्याच घोळातून गेलोय त्यामुळे जे केलं ते सांगतो, चुकांसकट.

डेट मागायच्या आधी एक फोन करा, रिक्रूटरला. आणि फोनवर 'डेट पुढे ढकला' असं नका म्हणू, आधी हे विचारा की लेटर यायला उशीर होतोय तर रेझिग्नेशन ॲक्सेप्टन्सचा मेल आणि शेवटच्या तीन सॅलरी स्लिप्सवर जॉइन करून घेता का, लेटर मी नंतर देतो. कारण खूप कंपन्या असं घेतात, एक अंडरटेकिंग लिहून घेतात की अमुक दिवसांत लेटर जमा करीन. त्यांनाही माहिती असतं की बऱ्याच ठिकाणी लेटर फुल अँड फायनल झाल्यावरच निघतं आणि ते व्हायला महिना-दीड महिना सहज जातो. म्हणजे कदाचित तुम्हाला डेट मागायची गरजच नाही. जे मिळू शकतं ते न विचारता आपणच घाबरून पंधरा दिवसांचा पगार सोडायचा, ह्याला अर्थ नाही.

माझ्या केसमध्ये मात्र ते नाही म्हणाले, कारण ज्या क्लायंटच्या प्रोजेक्टवर मला घेत होते त्याला बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची पूर्ण फाइल पहिल्या दिवसाआधी लागायची. तेव्हा मग डेटचा विषय आला.

तारखा सांगतो म्हणजे नीट कळेल. माझा नोटीस पिरियड खरं तर २६ एप्रिलपर्यंत होता पण मॅनेजरने दोन आठवडे लवकर सोडलं, त्यामुळे लास्ट वर्किंग डे १२ एप्रिल, शुक्रवार. जॉइनिंग २२ एप्रिल, सोमवार. मला वाटलं मधे दहा दिवस आहेत, आरामात होईल. १६ तारखेपर्यंत लेटर नाही आलं म्हणून एचआरला फोन केला तर तेच, 'प्रोसेसमध्ये आहे'.

आता इथे एक गोष्ट, 'प्रोसेसमध्ये आहे' ह्या वाक्यावर फोन ठेवायचा नाही. विचारायचं की नो ड्यूजमध्ये कोणत्या डिपार्टमेंटचा क्लिअरन्स बाकी आहे. हे त्यांच्या स्क्रीनवर दिसत असतं, फायनान्स, ॲडमिन, आयटी, मॅनेजर, ज्याचं बाकी असेल ते. माझं आयटीचं बाकी निघालं. मी लॅपटॉप कुरिअरने पाठवला होता, तो पोचलाही होता, पण तिथे कुणी तिकीट क्लोज केलं नव्हतं, म्हणजे सिस्टिमच्या लेखी लॅपटॉप अजून माझ्याचकडे! कुरिअरची पोच पावती आणि लॅपटॉपचा सिरियल नंबर मेल केला आणि दोन दिवसांत क्लिअरन्स झाला. तो मेल मी केला नसता तर ते तिकीट अजून तसंच पडून असतं बहुतेक.

दुसरा प्रश्न, नो ड्यूज झाल्यावर लेटर निघायला किती वर्किंग डेज लागतात. मला सात सांगितले. मग हिशोब सरळ आहे, क्लिअरन्स १८ एप्रिलला गुरुवारी होणार, १९ पासून सात वर्किंग डेज, मधे शनिवार-रविवार दोनदा, म्हणजे २९ एप्रिल. पण मी २९ किंवा ३० नाही मागितली, ६ मे मागितली, पुढचा सोमवार. १ मेची सुट्टी मधे होतीच आणि वर तीन-चार दिवस हाताशी ठेवले. असं का, तर डेट एकदा पुढे मागितलेली चालते, दुसऱ्यांदा मागितली की समोरच्याला वाटतं हा दुसरी ऑफर फिरवतोय. खरंच तसं करणारे लोक इतके असतात की रिक्रूटरचा पहिला संशय तोच असतो, त्यात त्यांची चूक नाही. त्यामुळे थोडी लांबची तारीख मागा पण एकदाच.

संशय येऊ नये ह्यासाठी पुरावा लावायचा. मेल मी इंग्रजीत लिहिला होता, मराठीत सांगायचं तर एवढाच मजकूर होता: 'फोनवर बोलल्याप्रमाणे, माझा लास्ट वर्किंग डे १२ एप्रिल होता. आयटी क्लिअरन्स उशिरा झाल्यामुळे रिलीव्हिंग लेटर २९ एप्रिलपर्यंत मिळेल असं एचआरने कळवलं आहे, तो मेल सोबत जोडला आहे. जॉइनिंग डेट २२ एप्रिलऐवजी ६ मे करता येईल का? लेटर आधी आलं तर मी लवकर जॉइन व्हायला तयार आहे. कृपया सुधारित तारीख मेलवर कन्फर्म करावी.' बस. जुन्या कंपनीबद्दल एक वाईट शब्द नाही, घरची अडचण नाही, तीन वेळा सॉरी नाही. सोबत रेझिग्नेशन ॲक्सेप्टन्सचा मेल आणि एचआरचं तारखेचं उत्तर जोडलं. एचआर फोनवर तारीख सांगतं पण लिहून देत नाही, तर आपणच त्यांना मेल टाकायचा की आज फोनवर तुम्ही अमुक तारीख सांगितली, बरोबर आहे ना. त्यावर 'येस' आलं तरी काम झालं.

हा मेल रिक्रूटरला, आणि सीसीमध्ये ऑनबोर्डिंगची टीम आणि ज्या मॅनेजरने इंटरव्ह्यू घेतला तो. मॅनेजरला ठेवायचं कारण असं की रिक्रूटरला फक्त तारखेचा आकडा दिसतो, तुमची वाट बघणारा माणूस मॅनेजर असतो आणि तो हो म्हणाला की बाकीचे फारसं ताणत नाहीत. पण त्यालाही आधी एक मेसेज करा, मेलमधूनच कळलं तर बरं दिसत नाही.

ऑफर जाईल का, तर पुराव्यासकट आणि आठवडाभर आधी विचारलं तर शक्यता कमी आहे, कारण नवीन माणूस शोधून त्याचा नोटीस पिरियड संपायची वाट बघणं त्यांना तुमच्या दोन आठवड्यांपेक्षा महागात पडतं. जिथे अडतं ते दोन ठिकाणी, एक तर ठरलेल्या तारखेची बॅच असते आणि पुढची महिन्याने असते, किंवा तुम्ही जॉइनिंगच्या आदल्या संध्याकाळी कळवता. दुसरं तुमच्या हातात आहे म्हणून आज-उद्याच फोन करा. आणि ते 'ओके, नो प्रॉब्लेम' फोनवर म्हणाले तर तेवढ्यावर थांबू नका. ऑफर लेटरमध्ये बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की ह्या तारखेला जॉइन झाला नाहीत तर ऑफर रद्द समजली जाईल, म्हणजे कागदावर तुमची ऑफर त्या दिवशी संपते. सुधारित लेटर किंवा निदान मेलवर नवीन तारीख हवीच. मला मेल आला पण पोर्टलवर जुनीच तारीख होती, ती मी मागे लागून बदलून घेतली, नाहीतर २२ तारखेला सिस्टिमने मला 'नो शो' टाकलं असतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे एवढं मोठं उत्तर लिहितोय ती. लेटर ३० एप्रिलला आलं आणि त्यात लास्ट वर्किंग डे २६ एप्रिल लिहिला होता! सिस्टिमने मूळ नोटीस पिरियडची तारीख उचलली होती, लवकर सोडल्याची नोंद मॅनेजरने केलीच नव्हती. आता विचार करा, अंडरटेकिंगवर मी २२ एप्रिलला जॉइन झालो असतो आणि नंतर हे लेटर न वाचता तसंच जमा केलं असतं तर कागदोपत्री पाच दिवस मी दोन कंपन्यांत कामाला होतो. व्हेरिफिकेशनमध्ये ह्याला ओव्हरलॅप म्हणतात आणि तिथे तुमचं म्हणणं नंतर ऐकतात, रिपोर्टमध्ये लाल शेरा आधी पडतो. मी लवकर सोडल्याचा मॅनेजरचा मेल जोडून दुरुस्ती मागितली, सुधारित लेटर ३ मेला शुक्रवारी आलं आणि सोमवारी जॉइन झालो. हाताशी ठेवलेले दिवस असे गेले.

म्हणून लेटर आलं की आनंदाने लगेच फॉरवर्ड करू नका. नावाचं स्पेलिंग, एम्प्लॉयी कोड, डेझिग्नेशन आणि दोन्ही तारखा बघा. मग ईपीएफओच्या पोर्टलवर यूएएनने लॉगिन करून सर्व्हिस हिस्टरीत डेट ऑफ एक्झिट तीच आहे का बघा, कारण व्हेरिफिकेशनवाले तेही बघतात. ती अजून भरलेली नसेल तर लगेच घाबरू नका, कंपनी उशिरा भरते, आणि नाहीच भरली तर शेवटच्या काँट्रिब्युशननंतर दोन महिन्यांनी आपली आपल्यालाच पोर्टलवर टाकता येते. चुकीची भरली असेल तर मात्र ती दुरुस्त करून घ्यावी लागते, ती कटकट लांबू शकते.

अजून एक, कारण खरंच लेटरचं असेल तरच लेटरचं सांगा. मॅनेजरने केटीसाठी, म्हणजे काम दुसऱ्याला समजावून द्यायला, अडवून लास्ट वर्किंग डेच पुढे नेला असेल तर तसं स्पष्ट सांगा, ते कारणही चालतं. काही जण फिरायला जायला डेट पुढे घेतात आणि कारण लेटरचं देतात, मग लेटरवर इश्यू डेट आधीची छापलेली असते आणि पहिल्याच दिवशी एचआर त्या तारखेकडे बघत बसतो.

मधल्या दिवसांचा पगार कुणीच देत नाही हे धरून चाला, आणि जुन्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम साधारण लास्ट वर्किंग डेलाच संपतो, तर घरात कुणाचं ऑपरेशन वगैरे ठरलं असेल तर नवीन तारखेचा हिशोब करताना ते धरा.

तुमचं नो ड्यूजमध्ये नक्की कोणाकडे अडकलंय ते कळलं की कमेंटमध्ये टाका. फायनान्सकडे असेल तर बहुतेक नोटीसच्या रिकव्हरीचा आकडा निघायचा बाकी असतो, मग आकडा मागून पैसे भरून मोकळं होणं लवकर होतं.