आठ टक्के कशावर, ते आधी विचारा

सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलचा जुना लूम घ्यायला २ लाख हवेत आणि दोन ऑफर आल्या आहेत म्हणता. ८ टक्केवालीवर लगेच सही करू नका. तो दर फ्लॅट आहे. हप्त्यागणिक मुद्दल फिटत जातं, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण २ लाखांवरच लागतं. २४ महिन्यांचं व्याज ३२,००० होतं आणि हप्ता ९,६६७. वर २ टक्के प्रोसेसिंग फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२० आधीच कापून हातात १,९५,२८० येतात. खरा वार्षिक दर काढायला एक्सेल शीटमध्ये हीच रक्कम टाका, २ लाख नव्हे:

```
=RATE(24,-9667,195280)*12
```

सेल टक्केवारीत ठेवा, दोन दशांशांसह. उत्तर साधारण १७.१ टक्के येईल. हप्त्याआधीचं वजाचिन्ह टाकायचं राहिलं तर #NUM! दिसतं.

दुसरी ऑफर १४ टक्के, घटत्या शिलकेवर. हप्ता ९,६०३, फी जीएसटीसह १,१८०, हातात १,९८,८२०. तिचं उत्तर १४.६. महाग वाटणारीच स्वस्त निघाली.

कर्जासोबत विमा गळ्यात मारत असतील तर तोही हातातल्या रकमेतून वजा करा. मला पहिल्या कर्जात तो सही झाल्यावर कळला होता. लूम चालला आणि वर्षभरातच कर्ज फेडलं, तर फी थोड्याच महिन्यांवर पडते आणि खरा दर आणखी चढतो, त्यामुळे मुदतपूर्व फेडीचा आकारही विचारून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाचा दर आणि सगळे आकार मांडणारा कागद, द्यावं लागतं. त्यातला एपीआर, म्हणजे सगळे आकार धरून येणारा वार्षिक दर, तुमच्या आकड्याशी जुळत नसेल, तर कोणता आकार सुटला ते सहीआधीच विचारा.