खरवस नंतर, आधी वासरू

प्रश्न: अशक्त जन्मलेलं वासरू पहिल्या दोन-तीन रात्री कसं जगवायचं? बाटलीने चीक पाजला तर चालतो का?

चालतो की, पण आधी ते चोखतंय का बघा. मी आता भांडुपला चौथ्या मजल्यावर राहते, पण तेरा वर्षांची असताना पाटणकडच्या आमच्या गोठ्यात तीन रात्री काढल्यात म्हणून लिहितेय.

पौषातली थंडी, गाय दिवस भरायच्या आधीच व्याली. कालवड जेमतेम पंधरा किलोची, उभीच राहीना. मी गोणपाटाने खसाखसा घासून कोरडी केली, खाली जाड पेंढा आणि दोन्ही अंगाला गरम पाण्याच्या बाटल्या, फडक्यात गुंडाळून. तोंडात बोट घातलं तर आत गार आणि ढिल्लं. अशा वेळी काही पाजायचं नसतं, आधी ऊब. तासाभराने जिभेने बोट हलकंच ओढलं, ती ओढ मला अजून आठवते.

आणि इथेच भांडण. आजी म्हणे वार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही, आणि मुंबईहून आलेले तात्या खरवसासाठी किटली घेऊनच बसलेले! अहो, वासराला रोगाशी लढायची ताकद आईच्या पोटात मिळत नाही, ती चिकातूनच येते, आणि आतड्यातून ती रक्तात जाते फक्त पहिल्या दिवसात, त्यातही पहिले पाच-सहा तास खरे, मग वार पडायला दहा-बारा तास लागले तर काय आरती ओवाळत बसायचं? उलट धार काढली की वार पडायला मदतच होते. मी आजी चुलीपाशी गेल्यावर गुपचूप धार काढली. चीक कोमट करायला भांडं गरम पाण्यात ठेवायचं, थेट चुलीवर ठेवलं तर घट्ट होतो, म्हणजे तात्यांचा खरवसच.

तात्या म्हणाले, मान वर करून नरड्यात ओत. अजिबात नाही, फुप्फुसात जातं आणि मग वासरू खोकत मरतं. मान कासेच्या उंचीला, बाटली तिरकी, गिळू द्यायचं, थांबायचं. मी दर चार तासांनी पावशेरभर पाजत होते, दिवसाचा हिशोब वजनाचा दहावा भाग, म्हणजे दीड लिटर. मधे मधे कूस बदलायची, पण बसवायचं छातीवर, आडवं पडू द्यायचं नाही. दुसऱ्या सकाळी काळी चिकट शी झाली तेव्हा आजी पहिल्यांदा हसली. तिसऱ्या रात्री कालवड उठली, पडली, परत उठली आणि थेट कासेला ढुशी.

हो, एक राहिलं, बेंबीला टिंक्चर आयोडीन लगेच लावा, आम्ही ते उशिरा लावलं होतं. आणि ऊब देऊनही चोखत नसेल तर बाटलीचा हट्ट सोडा, डॉक्टर नळीने पोटात घालतात, ते घरी करू नका.

तात्या अजून प्रत्येक लग्नात सांगतात की त्या वर्षी पोरीने खरवस बुडवला. ती कालवड पुढे पाच वेळा व्याली, त्यातल्या चार वेळचा खरवस कोणी खाल्ला ते नाही सांगत.