फुली-गोळ्यात दुहेरी डाव कसा लावायचा

तू विचारलंस की समोरचा दरवेळी अडवतो मग जिंकायचं कसं, तर एकाच रेषेच्या मागे लागलास की तो अडवणारच, एका चालीत दोन ठिकाणी तीन होण्याची धमकी दे, तो एकच घर भरू शकतो.

घरांना फोनच्या कीपॅडसारखे नंबर दे, वरची ओळ १ २ ३. फुली तुझी, पहिली चाल तुझी. सुरुवातीला एवढंच पाठ कर:

१ वर फुली. समोरच्याने बेसावधपणे २ वर गोळा टाकला की तू मधलं ५ घे. आता त्याला ९ अडवावंच लागतं. मग तू ४ वर टाक. १-४-७ पण होतंय आणि ४-५-६ पण, म्हणजे तो ७ ला गेला तर तू ६, ६ ला गेला तर तू ७.

नवीन लोक इथेच चुकतात, त्याने ९ भरल्यावर ३ वर फुली टाकतात. त्यात ७ ची एकच धमकी असते, तो ७ भरतो, वर त्याचं ७-८-९ होत येतं म्हणून तुलाच ८ वर धावावं लागतं आणि डाव बरोबरीत जातो.

त्याने पहिल्याच चालीत ५ घेतलं तर हा डाव जमत नाही. तेव्हा ९ वर टाकून बघ, तो ३ किंवा ७ च्या कोपऱ्यात गेला तर उरलेला कोपरा लगेच घे, अडवणं आणि दुहेरी धमकी दोन्ही एकदम होतं. तो मधल्या कडेला गेला तर मात्र नीट अडवत राहा, बरोबरी होईल.