लाजाळू गिऱ्हाईक, पुस्तकाचं दुकान आणि 'हळूहळू'

प्रश्न: एक लाजाळू माणूस नेहमी पुस्तकाच्या दुकानात येतो, तिथली मुलगी त्याला पुस्तकं सुचवते आणि हळूहळू दोघं बोलायला लागतात, अशी कथा कोल्हापुरात घडवतोय. पण माझी माणसं दुसऱ्याच भेटीत जुन्या ओळखीची वाटतात. 'हळूहळू' दाखवायचं कसं?

उत्तर:

आधी त्याचा खिसा बघा. तुमचा माणूस दर शनिवारी येत असेल आणि दर वेळी तीनचारशेचं पुस्तक घेत असेल, तर साध्या पगारात ते महिन्याला हजार-दीड हजारांवर जातं. वाचणाऱ्याला हे लगेच खटकतं. दर आठवड्याला यायचंच असेल तर त्याला वाचनालयात पाठवा, करवीर नगर वाचन मंदिर आहेच. पण तिथे पुस्तक बदलायला जावंच लागतं, मग त्याच्या येण्याला काही अर्थ उरत नाही. दुकानच हवं असेल तर त्याला पगार झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी आणा. म्हणजे महिन्यातून एकदा. चार भेटींत जून ते ऑक्टोबर उलटतो आणि निम्मं 'हळूहळू' कॅलेंडरच करून टाकतं.

उरलेलं निम्मं मी क्रियापदांवर सोडेन. लाजाळू मराठी माणूस समोरच्याला संबोधतच नाही. तो 'बनगरवाडी मिळेल का?' असं विचारतो. या वाक्यात 'तुम्ही' नाही, 'मला' नाही, नुसतं पुस्तक आहे. 'आहे का', 'असेल तर', 'किती झाले' ही सगळी त्याच घरातली वाक्यं. पहिल्या तीन भेटींत त्याच्या तोंडी एकही 'तुम्ही' येऊ देऊ नका. पहिला मसुदा झाला की प्रत्येक 'तुम्ही' खाली पेन्सिलीने रेघ मारा. बहुतेक पहिल्याच पानावर चार सापडतील, आणि तुमची चूक तिथेच झालेली असेल. त्याला 'ताई' म्हणायलाही लावू नका. कथा प्रेमाची असो वा नसो, त्या एका शब्दाने पुढची एक वाट बंद होते.

तिच्यासाठी कोल्हापूरने तुम्हाला एक देणगीच दिली आहे. इथल्या बायका घरात 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना त्यातल्या बऱ्याच जणी पुस्तकी 'येते', 'जाते'वर येतात. तुमची मुलगी त्याच्याशी 'बघते हं सर' असंच बोलेल. ज्या दिवशी तिच्या तोंडून 'बघतो' निसटेल, त्या दिवशी तो गिऱ्हाईक राहिलेला नसेल. मात्र याची पेरणी आधी हवी, नाहीतर पुण्याच्या वाचकाला ती छपाईची चूक वाटेल. दुसऱ्या भेटीत तिला घरचा फोन येऊ द्या: 'आठपर्यंत येतो गं आई.' तो शेल्फकडे तोंड करून उभा आहे, पण ऐकतो आहे. तेवढं पुरे. आणि मासिकाला कथा पाठवताना वर एक ओळ लिहा की हे 'तो' मुद्दाम आहेत. नाहीतर मुद्रितशोधक सगळ्यांचं इमानेइतबारे 'ते' करून टाकेल.

आता सुचवण्याचा भाग. सगळ्यांची कथा इथे घसरते, कारण मुलीने दिलेलं प्रत्येक पुस्तक त्याला आवडत जातं. आवडलेल्या पुस्तकावर लाजाळू माणूस 'चांगलं होतं' एवढंच म्हणतो आणि संभाषण तिथेच संपतं. नावडलेल्या पुस्तकाला मात्र कारण द्यावं लागतं, आणि कारण देताना माणूस स्वतःबद्दल बोलून जातो. म्हणून तिचा एक अंदाज चुकवा. तो साधा चुकून चालणार नाही, चुकीमागे तिचा विचार दिसला पाहिजे.

उदाहरण धरू. जूनमध्ये तो 'बनगरवाडी' नेतो. जुलैत ती मनाशी हिशेब करते: याला गावाकडचं आवडतं. म्हणून 'झोंबी' पुढे ठेवते. 'आपल्या कागलचे लेखक, घेऊन जावा की.' तो घेतो, कारण नाही म्हणायला एक वाक्य जास्त लागतं. त्या दिवशीचं बाकी बोलणं पाण्याचं ठेवा. पावसाळ्यात कोल्हापुरात अनोळखी माणसंही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी एकमेकांना विचारतात. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 'सकाळी 37 होतं' हे लाजाळू माणसाला बिनधोक बोलता येतं, त्यात त्याचं स्वतःचं काहीच नसतं. ऑगस्टमध्ये पाणी चढतं, रस्ते बंद होतात, तो येतच नाही. हा महिना दोन ओळींत उरका, पण त्या दोन ओळी तिच्या बाजूने लिहा.

सप्टेंबरची भेट हीच कथा आहे, तिला एकूण शब्दांतले निम्मे द्या. मी ती अशी लिहीन:

'कसं वाटलं?'
'जड गेलं.'
'मोठं आहे म्हणून?'
'नाही.' बराच वेळ तो पाकिटाची चेन बघतो. 'त्यातला पोरगा शाळेसाठी बापाशी झुंजतो. बरोबर आहे त्याचं. पण मला बनगरवाडीतला तो मास्तर आवडला होता. परक्या गावात नवा गेलेला. भ्यालेला.'
'मग माझंच चुकलं. मी गाव बघून दिलं.' ती शेल्फकडे वळते. 'थांबा, दुसरं बघतो.'

ती गाव वाचत होती, तो एकटेपण वाचत होता. हे निवेदनात सांगू नका, संवादात आलेलं आहे. 'बघतो'वरही थांबू नका. त्याने मान वर केली, एवढं लिहून पुढे जा.

तिला जे पुस्तक द्यायचं आहे ते दुकानात नसू द्या. मागवायचं तर ऑर्डरच्या वहीत नाव आणि नंबर लिहावा लागतो, म्हणजे कुणालाही धीट न करता नाव विचारता येतं. तो 'पाटील' म्हणतो. कोल्हापुरात पाटील म्हणून हाक मारली तर चार माणसं वळतात, तेव्हा ती साहजिकच विचारते, 'पाटील काय?' तो घाबरून मोबाईल नंबर सांगायला लागतो. विनोद इथे आपोआप येतो, त्याला हात लावू नका.

ऑक्टोबरची भेट लहान ठेवा. नवरात्राची गर्दी ओलांडून तो येतो. पुस्तक आलेलं आहे, ती बिल करते आहे. आता त्याचा पहिला 'तुम्ही' खर्च करा: 'तुम्ही वाचलंय हे?' तिचं उत्तर 'नाही' असू द्या. अंदाजानेच मागवलं होतं, हे कळलं की सुचवणारी आणि वाचणारा एका पातळीवर येतात. 'मग तुमचं झालं की सांगा', असं तिला म्हणू द्या. दोघांना 'तू'वर मात्र आणू नका, तेवढ्या ओळखीला पाच महिने कमीच आहेत. कॉफी नको, रंकाळ्याची संध्याकाळ नको. ती बिलावर 'पाटील' लिहून पेन उचलते आणि तो न विचारता पुढचं नाव सांगतो. ते नाव वाचकाला कळवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी असतो तर शेवटचा शब्द तेच नाव ठेवलं असतं.