जाऊबाईंचे आठ किलो, माझे साडेचार

"ताई, आम्ही दोघी जावा एकाच घरात राहतो, एकाच ताटातलं म्हणावं असं जेवतो, सकाळी चालायलाही बरोबरच जातो. पाच महिन्यांत जाऊबाईंचे आठ किलो उतरले आणि माझे जेमतेम साडेचार. माझं नेमकं चुकतंय कुठे?"

मी दोघींची पहिल्या दिवशीची वजनं विचारली. थोरल्या 98 किलोंच्या होत्या, आता 90 आहेत. धाकटी 60 ची 55.5 झाली होती. उतरलेल्या किलोंना सुरुवातीच्या वजनाने भागायचं आणि शंभराने गुणायचं, एवढाच हिशेब. थोरलीचं आठ भागिले 98, म्हणजे 8.2 टक्के. धाकटीचं साडेचार भागिले 60, म्हणजे 7.5 टक्के. कागदावर दोन्ही आकडे शेजारी आले तेव्हा तिने गणित परत करून बघितलं!

मोठ्या शरीराला नुसतं जगायलाही जास्त ऊर्जा लागते, आणि त्याच रस्त्यावरून 98 किलो वाहून नेण्यात 60 किलोंपेक्षा जास्त खर्च होतो. दोघींनी जेवण सारखं केलं की थोरलीची तूट आपोआप मोठी होते आणि किलो भराभर उतरतात. यात धाकटीचा आळस कुठेच नाही. उलट तिने जाऊबाईंइतके आठ किलो उतरवायचं ठरवलं असतं, तर ते तिच्या वजनाचे 13 टक्क्यांहून जास्त झाले असते. जिममध्ये सगळ्यांना सरसकट 'पाच किलो' लक्ष्य देतात ते मला म्हणूनच पटत नाही.

डॉक्टर टक्क्यांत बोलतात याला कारण आहे. मूळ वजनाच्या पाचेक टक्के उतरले की जास्त वजनाच्या माणसाची साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी यांत फरक दिसू लागतो. मधुमेह टाळण्यासाठी अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, 2002 साली त्याचे निष्कर्ष आले. त्यात लक्ष्य होतं 7 टक्के. थोरलीसाठी ते सात किलोंच्या आसपास येतं, धाकटीसाठी सव्वाचार. दोघींनी ते ओलांडलं होतं.

भागायचं मात्र दर वेळी पहिल्या दिवशीच्या वजनाने. मागच्या महिन्याच्या वजनावर टक्के काढून त्यांची बेरीज करत गेलं की आकडा उगीच फुगतो. वजनही एकाच काट्यावर, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी करावं. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत झरझर उतरतं त्यात पाण्याचा वाटा बराच असतो, त्यावर खूश होऊ नये.

टक्के सगळंच सांगत नाहीत. धाकटीची उंची 152 सेंटीमीटर, तिचा बीएमआय 26 वरून 24 वर आला. तिला आता थोडंच उतरवायचं आहे. थोरली 155 सेंटीमीटर, तिचा अजून 37 च्या वर आहे. टक्के जवळपास सारखे, पण पुढचा रस्ता थोरलीचा कितीतरी लांब.

बोलता बोलता धाकटी सहज म्हणाली, "आमच्या सासूबाई बघा, काही न करता चार किलो उतरल्या. पथ्य नाही, चालणं नाही."

मी पेन खाली ठेवलं. सासूबाईंचं आधीचं वजन किती? मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या फायलीत 52 लिहिलेलं सापडलं, पाच महिन्यांपूर्वीचं. आता 48. म्हणजे 7.7 टक्के, धाकटीने घाम गाळून मिळवले त्याहून थोडे जास्तच. घरात सगळे 'वय झालं, आता बारीक होणारच' म्हणत होते. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या, ब्लाऊज दोनदा आत घेतले होते. चार किलो ऐकायला किरकोळ वाटतात, पण प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात 5 टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर ते तपासायलाच हवं. 52 किलोंच्या माणसासाठी ही रेषा 2.6 किलोंवरच येते. 98 किलोंच्या माणसाला तिथे पोचायला पाच किलो लागतात. लहानखुऱ्या म्हाताऱ्या माणसांचं उतरणारं वजन म्हणूनच घरच्यांच्या नजरेतून सुटतं.

भूक कशी आहे, विचारलं. "भूक चांगली आहे हो, उलट पाणी फार पितात, रात्री तीन-तीनदा उठतात." त्याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. उपाशीपोटी साखर 268 निघाली. डॉक्टरांनी थायरॉईड आणि छातीचा एक्स-रेही करून घेतला, दोन्ही ठीक आले. औषध सुरू झालं.

आता तिघींचं वजन एकाच वहीत लिहितात. सासूबाईंच्या पानावर मी 52 ला गोल केला आहे, त्यांना खालून वर तिथे पोचायचं आहे. धाकटीला मात्र सांगितलं आहे की 53 च्या खाली जायला निघालीस तर आधी मला फोन कर.