दत्तू, दत्त्या आणि दत्तारामबाब

प्रश्न: माझं माहेर नाशिकचं, सासर फोंड्याजवळ. पुढच्या महिन्यात सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे. पत्रिकेचा मजकूर आणि सूत्रसंचालन दोन्ही माझ्याकडे आलंय. घरात कुणालाच खऱ्या नावाने हाक मारत नाहीत. सासरे 'बाबू', मामेसासरे 'दत्तू', आतेसासूबाई 'शकू', दीर 'सुऱ्या'. पत्रिकेत काय लिहू आणि माइकवर काय म्हणू?

उत्तर:

पत्रिका छापायला देण्याआधी दत्तूमामांना विचारून घ्या, तुम्ही दत्तात्रय की दत्ताराम? हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतोय. आमच्या वाड्यावरच्या एका सत्कारात मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे होतं. सत्कारमूर्तींना लहानपणापासून दत्तूकाका म्हणत आलेलो, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. मोठ्या अक्षरांत 'श्री. दत्तात्रय' लिहून मोकळा झालो. ते निघाले दत्ताराम. मानपत्र त्यांनी हसत घेतलं, पण त्यांच्या भिंतीवर ते मला कधी दिसलं नाही.

चूक माझी खरीच, पण ही नावं बनतातच अशी. नावाचा सुरुवातीचा तुकडा घ्यायचा, पुढचं व्यंजन त्याला चिकटवायचं, बाकीचं टाकून द्यायचं आणि वर 'ऊ', 'या' किंवा 'ई'चं शेपूट लावायचं. प्रकाशमधला 'प्र' हाक मारताना जड जातो, म्हणून पक्या. संतोषचा संत्या, मिलिंदचा मिल्या. विश्वनाथचा विशू होतो, तसाच विश्वासचा आणि विश्वंभरचाही. सुमी ही सुमन असेल, सुमती असेल, नाहीतर सुमित्रा. जो भाग टाकून दिला तो शेपटावरून परत मिळत नाही. तेव्हा अंदाजाने नाव 'पूर्ण' करू नका.

शेपटावरून मूळ नाव कळत नाही, पण हाक मारणाऱ्याचा अधिकार मात्र कळतो. 'ऊ' मायेचा आहे. आई, आजी, थोरली भावंडं दत्तू म्हणतात. 'या' बरोबरीच्यांचा किंवा रागावलेल्या वडिलांचा. शाळेतले मित्र दत्त्या म्हणतील, आणि आंबे चोरताना सापडला तर आईसुद्धा दत्त्याच म्हणेल. बायकांच्या नावात हेच काम 'ई' करते. शकू मायेची, शकी भांडणातली, आणि हाक मारताना तिचं 'शके' होतं.

कोणतं रूप चारचौघांत चालेल हे ओळखायची माझी एक साधी पद्धत आहे. नावापुढे 'आले' लावून म्हणून बघा. 'दत्तूमामा आले' सहज म्हणता येतं. नुसतं 'दत्तू आले' म्हणताना जीभ अडखळते. आणि 'दत्त्या आले' तर मराठीत होतच नाही, तिथे 'आला'च लागतं. म्हणजे 'ऊ'ला काका, मामा, ताई जोडून वडीलकीचा मान देता येतो. 'या'ला तशी सोय नाही, 'अहो दत्त्या' कुणी म्हणत नाही.

आता सासऱ्यांचं 'बाबू'. हे कुठल्याही नावातून कापलेलं नाही, म्हणून त्याचा हिशेब वेगळा. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत होती, आणि घरातल्या सुना सासऱ्यांचं नाव तोंडाने घेत नसत. मग पाळण्यात ठेवलेल्या नावाने आईने मुलाला हाक मारायची कशी? त्यातून बाबू, बाळ, अण्णा, भाई अशी नावं चिकटली ती चिकटलीच. (आमच्या घरात तीन पिढ्यांत मिळून दोनच नावं आलटून पालटून आहेत. घरगुती नावं नसती तर एका हाकेला दोघे उठले असते.) नात्याच्या शब्दांवरून आलेली नावं मात्र औपचारिक ठिकाणीही टिकतात. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर सगळ्यांचे भाऊसाहेबच होते. 'बाबू'ला तो मान आपोआप मिळत नाही.

पण इथे एक खाच आहे. जुन्या माणसांच्या बाबतीत कधी कधी घरातलं नावच जन्मनोंदीत चढलेलं असतं. म्हणजे पांडू हा पांडुरंग नसतो, कागदोपत्रीसुद्धा पांडूच असतो. सासऱ्यांचं नोंदीतलं नाव खरंच बाबू असेल, तर पत्रिकेत तेच हवं. आधार कार्ड बघून घ्या, विषय संपेल.

समजा विचारल्यावर सासऱ्यांचं नाव विश्वनाथ निघालं, आणि बाकीच्यांची दत्ताराम, शकुंतला, सुरेश. मग पत्रिकेत 'श्री. विश्वनाथ ऊर्फ बाबू' आणि पुढे आडनाव, असं लिहा. 'ऊर्फ' बघून कुणी नाक मुरडलं तर ऐकू नका. इथल्या वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता बघा, त्यांत 'ऊर्फ' सर्रास असतं, कारण वाड्यावर निम्म्या लोकांना माणसाचं कागदावरचं नाव माहीतच नसतं. तुमच्या पत्रिकेचंही तेच होईल. नुसतं विश्वनाथ वाचून शेजारी विचारतील, हे कोण? मात्र 'ऊर्फ' एकट्या उत्सवमूर्तींपुरतं ठेवा. खाली निमंत्रकांच्या यादीत प्रत्येकाचं घरगुती नाव घातलंत तर पत्रिका मतदारयादीसारखी दिसेल. तिथे 'श्री. दत्ताराम', 'श्रीमती' किंवा 'सौ. शकुंतला', 'श्री. सुरेश' एवढं पुरे. 'श्री. दत्तू' कधीच नको, श्री. एका पायरीवरचा आणि दत्तू दुसऱ्या, वाचणाऱ्याला हसू येतं.

माइकवर पहिला उल्लेख पूर्ण नावाने आणि आदरार्थी क्रियापदाने करा. दुसऱ्यांदा नाव घेताना नाशिकला 'दत्तारामजी' म्हणाल, इथे 'दत्तारामबाब' म्हणा. बाब हा गोव्याचा मानाचा प्रत्यय आहे आणि मराठी कार्यक्रमातही तो परका वाटत नाही. पुस्तकांवरचे बा. भ. बोरकर गोव्यात बाकीबाबच आहेत. आतेसासूबाईंसाठी 'शकुंतलाताई' सगळ्यांत सुरक्षित. घरात कोकणी बोलताना थोरला भाऊ अजूनही 'शकू आयलें' असं नपुंसकलिंगात म्हणत असेल, कारण कोकणीत धाकट्या मुलीला तसंच म्हणतात. ते भावाने म्हणावं, सुनेने नाही.

घरगुती नाव व्यासपीठावर अजिबात नको, असंही माझं म्हणणं नाही. आतेसासूबाई बोलायला उभ्या राहिल्या की भावाला बाबूच म्हणतील, आणि तेव्हा सभागृह खुलेल. त्यांना अडवू नका. तुम्ही स्वतः मात्र त्या रूपाला हात लावू नका. फार तर 'ज्यांना घरात सगळे बाबू म्हणतात' असं एकदा म्हणा, तेही सासऱ्यांना आधी विचारून. काही माणसांना ते नाव गावाबाहेरच्या पाहुण्यांसमोर आवडत नाही.

सुऱ्याचं काय ते सोपं आहे. माइकवर सुरेश. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हवं तर सुऱ्या लिहा, पण 'ऱ्या' असा लिहा. 'सूर्या' लिहिलंत तर तो सुरेशचा राहणार नाही, सूर्यकांतचा होईल, आणि तुमच्या सासरी सूर्यकांतही एखादा असेलच.